भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या फोटोवरून रजेचे दिवस मोजणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्या लहान कारखान्यांत, वर्कशॉपमध्ये आणि दुकानांत आठवड्याचे सहा दिवस काम चालते आणि हजेरीची खरी नोंद भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेनाने केलेली असते, तेथे रजेचा हिशेब करणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. महिनाअखेरीस त्या पानाचा फोटो मोबाइलवर येतो, सोबत "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत रजेवर होते" एवढाच निरोप असतो आणि त्यावरून रजेचा नेमका आकडा काढायचा असतो. समजायला सोपे जावे म्हणून सर्वत्र एकच उदाहरण घेतले आहे. भोसरीतील बारा कामगारांचे एक फॅब्रिकेशनचे वर्कशॉप आहे, असे समजू. तेथील एक वेल्डर नोव्हेंबर २०२४ मध्ये लातूर जिल्ह्यातील आपल्या गावी गेले होते. त्यांच्या रजेचा पहिला दिवस ७ नोव्हेंबर आणि शेवटचा दिवस २१ नोव्हेंबर होता, व २२ नोव्हेंबरला सकाळी ते कामावर रुजू झाले.

मोजणीची सुरुवात नेमकी कोठून करावी?

वजाबाकी करण्याआधी फोटोतील पान आपण ज्या महिन्याचे आणि ज्या वर्षाचे समजतो आहोत त्याचेच आहे, याची खात्री करावी. हे सांगणे अनावश्यक वाटेल, पण फोटो जवळून काढलेला असला की वरची महिन्याच्या नावाची पट्टी हमखास कापली जाते, आणि जुन्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर तशीच राहिलेली असणेही दुर्मीळ नाही. केवळ वार जुळला म्हणजे वर्ष जुळले असे होत नाही. १ नोव्हेंबरला शुक्रवार २०१३ मध्येही होता, २०१९ मध्येही होता आणि २०२४ मध्येही होता, त्यामुळे या तिन्ही वर्षांच्या नोव्हेंबरमधील तारखांची मांडणी अगदी एकसारखी आहे. वर्ष ओळखू येते ते सणांवरून. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला होते, २०१३ मध्ये ३ नोव्हेंबरला होते, तर २०१९ मध्ये ते ऑक्टोबरमध्येच होऊन गेले होते. तिथीवर चालणारा एक सण फोटोत वाचता आला, तरी वर्षाचा प्रश्न बहुतेक वेळा तेथेच मिटतो.

रविवार ओळखणे अवघड का जाते? ते तर लाल रंगात छापलेले असतात.

अडचण रंगाची कमी आणि मांडणीची जास्त असते. आपल्याकडील अनेक मराठी दिनदर्शिकांत वार डावीकडे एकाखाली एक लिहिलेले असतात, तारखा वरून खाली उतरतात आणि रविवार ही सर्वांत वरची आडवी ओळ असते. मोबाइलमधील आणि इंग्रजी धाटणीच्या दिनदर्शिकांत मात्र वार वर आडवे असतात आणि रविवार हा एक उभा रकाना असतो. ज्यांच्या डोळ्यांना मोबाइलची सवय झाली आहे ते फोटोतील डावीकडचा पहिला रकाना रविवारचा समजून मोजतात आणि सगळी मोजणी चुकते. म्हणून पहिल्यांदा ७ आणि ८ या तारखा शोधाव्यात. ८ ही ७ च्या खाली असेल तर आठवडा उभा चालतो आहे, उजवीकडे असेल तर आडवा. त्या दोन तारखांपैकी ७ ला शनिवार असेल तर नवा आठवडा सुरू होत असल्याने हीच तपासणी ९ आणि १० वर करावी.

दुसरा सापळा पाचव्या रविवारचा आहे. महिना शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू झाला आणि पाच रकाने अपुरे पडले, की उरलेली ३० किंवा ३१ तारीख अनेक दिनदर्शिकांत पहिल्याच रकान्यातील रिकाम्या चौकटीत छापतात. जून २०२४ हा महिना शनिवारी सुरू झाला होता, त्यामुळे त्याच्या रविवारच्या ओळीत डावीकडून आधी ३० आणि मग २, ९, १६, २३ असा क्रम लागू शकतो. महिन्याच्या सुरुवातीच्या रजेचा हिशेब करताना तो पहिला रविवार चुकून वजा होतो, तर महिनाअखेरीच्या रजेत तो नजरेतून सुटतो.

फोटो धूसर असेल तर अंक कसे पडताळावेत?

देवनागरी १ आणि ९ हे अंक धूसर फोटोत एकमेकांसारखे दिसतात. चकचकीत कागदावर फ्लॅशचा पांढरा डाग पडला की नेमकी महत्त्वाचीच चौकट जाते. अशा वेळी अंकाकडे एकटक पाहत बसण्यापेक्षा त्याच वाराची शेजारची तारीख पाहावी, कारण एकाच वाराच्या लागोपाठच्या दोन तारखांत सातचेच अंतर असते. पेनाची खूण ११ वर आहे की १९ वर, असा संशय आला आणि पुढच्या आठवड्यातील त्याच वाराची तारीख २६ स्पष्ट दिसत असेल, तर ती खूण १९ वरचीच आहे. ती १८ दिसत असेल, तर खूण ११ वरची आहे. खूणच दिसत नसेल तर मात्र अंदाज बांधू नये. फ्लॅश बंद ठेवून, दिवसाच्या उजेडात, समोरून आणि पानाच्या चारही कडा दिसतील असा दुसरा फोटो मागवावा. पिवळ्या दिव्याखाली लाल आणि काळी शाई यांतला फरकही पुसट होतो, हेही लक्षात ठेवावे.

लाल छापलेली प्रत्येक तारीख सुट्टी धरायची का?

नाही, आणि रजेच्या हिशेबातील बहुतेक वाद याच एका समजुतीतून उद्भवतात. छापील दिनदर्शिकेतील लाल रंग साधारणपणे शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्या दाखवतो. खासगी आस्थापनेला त्या सगळ्या सुट्ट्या आपोआप लागू होत नाहीत. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ हा २०२४ मध्ये दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होता आणि त्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या सांगितल्या आहेत. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या आहेत, तर उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसांत ठरवायच्या असतात. याचा अर्थ असा, की शेजारशेजारच्या दोन वर्कशॉपच्या भिंतीवर एकच दिनदर्शिका असली, तरी त्यांच्या सुट्ट्या वेगळ्या असू शकतात. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलेल्या सुट्ट्यांवर पेनाने गोल करून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. मोजणाऱ्याने छापील लाल रंगाऐवजी तो हाताचा गोल प्रमाण मानावा.

आपल्या उदाहरणातील वर्कशॉपने चार ऐच्छिक सुट्ट्यांसाठी गणेश चतुर्थी, दसरा, लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदा ही निवड केली आहे, असे धरू. त्यामुळे नोव्हेंबर २०२४ च्या पानावर १ आणि २ या तारखांवर गोल आहे. १५ तारखेला गुरुनानक जयंती असल्याने ती लाल छापलेली आहे, परंतु तिच्यावर गोल नाही. त्या शुक्रवारी वर्कशॉप चालू होते.

दिनदर्शिकेत काळ्या रंगात छापलेली तारीख सुट्टीची असू शकते का?

असू शकते, आणि आपल्याच उदाहरणात तशी एक तारीख आहे. २० नोव्हेंबर २०२४ रोजी, बुधवारी, महाराष्ट्र विधानसभेसाठी मतदान झाले. निवडणुकीचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला, तर त्या वर्षाच्या दिनदर्शिका त्याच्या कितीतरी आधी छापून भिंतीवर लागलेल्या होत्या. त्यामुळे छपाईत ही सुट्टी असणे शक्यच नव्हते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १३५-ब नुसार उद्योग-व्यवसायांत काम करणाऱ्या आणि त्या निवडणुकीत मतदानाचा हक्क असलेल्या व्यक्तीला मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते. वेल्डर लातूर जिल्ह्यातील मतदार असल्याने हा दिवस त्यांच्या रजेतून वजा झालाच पाहिजे, मग दिनदर्शिकेवर कोणी खूण केलेली असो वा नसो.

सुट्टी छापलेल्या तारखेवरून दुसरीकडे सरकते, असेही घडते. सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी १६ तारखेला होती, पण १७ ला अनंत चतुर्दशी आल्याने मुंबई शहर आणि उपनगरांसाठी ती १८ तारखेला नेण्यात आली. ज्यांच्या आस्थापनेत ही सुट्टी पाळली जाते, त्यांनी केवळ छापील पान पाहून हिशेब केला तर एक दिवस चुकीच्या जागी वजा होतो.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. फोटो केव्हा काढला आहे, याला महत्त्व आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काढलेल्या फोटोत २० नोव्हेंबरवर गोल दिसणार नाही, कारण तेव्हा ती सुट्टी ठरलेलीच नव्हती. ज्या मुदतीचा हिशेब करायचा आहे ती पूर्ण संपल्यानंतर काढलेलाच फोटो घ्यावा.

रजेचा पहिला आणि शेवटचा दिवस मोजायचा की नाही?

दोन्ही दिवस मोजायचे, परंतु ते दोन्ही खरोखर रजेचेच आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. "७ तारखेला गेले" या वाक्याचे दोन अर्थ होतात. ७ तारखेचे काम पूर्ण करून ते रात्रीच्या एसटीने निघाले असतील तर ७ हा हजेरीचा दिवस आहे आणि रजा ८ पासून सुरू होते. सकाळीच निघाले असतील तर रजा ७ पासून आहे. "२२ ला आले" याचेही तसेच आहे, कारण गावाहून पोहोचणे आणि कामावर रुजू होणे या एकाच दिवशी घडतील असे नाही. म्हणून "रजेचा पहिला दिवस कोणता" आणि "रुजू कोणत्या दिवशी झाले" असे दोनच प्रश्न विचारावेत. या दोन प्रश्नांची उत्तरे सहसा दोन अर्थांची निघत नाहीत.

हे दोन दिनांक हाती आले की एकूण दिवस काढणे सरळ आहे. रुजू झाल्याच्या तारखेतून रजेचा पहिला दिवस वजा करावा. २२ मधून ७ गेले, १५ उरले. रजेचा शेवटचा दिवस धरून मोजत असाल, तर २१ मधून ७ वजा करून त्यात १ मिळवावा लागतो, तेव्हाही १५ च येतात. हा १ मिळवायला विसरणे किंवा रुजू झाल्याच्या तारखेच्या वजाबाकीतही तो मिळवणे, ही एका दिवसाची चूक फार आढळते.

उदाहरणातील रजा शेवटी किती दिवसांची झाली?

७ ते २१ नोव्हेंबर हे एकूण १५ दिवस. त्यात १० आणि १७ हे दोन रविवार येतात, म्हणून उरले १३. गोल केलेल्या सुट्ट्यांपैकी १ आणि २ या तारखा मुदतीबाहेर आहेत, त्यांचा येथे संबंध नाही. २० तारखेची मतदानाची सुट्टी मुदतीत आहे आणि ती रविवारीही नाही, म्हणून ती वजा केली. रजा १२ दिवसांची झाली.

हाच फोटो छापील लाल रंगावरून मोजणाऱ्याने १५ तारीखही वजा केली असती आणि त्याचे उत्तर ११ आले असते, किंवा २० तारीख न धरता योगायोगाने १२ च आले असते. दुसऱ्या प्रकारात आकडा बरोबर असून हिशेब चूक आहे, आणि तशी चूक वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून केवळ अंतिम आकडा लिहू नये, वजा केलेल्या तारखाही लिहाव्यात.

मोजणी बरोबर आहे हे स्वतःच कसे तपासावे?

तीच वजाबाकी पुन्हा करून उपयोग नाही, कारण पहिल्या वेळी सुटलेला रविवार दुसऱ्या वेळीही सुटतो. पद्धत बदलावी. ७ तारखेला गुरुवार आहे आणि २१ लाही गुरुवारच आहे, म्हणजे ७ ते २० हे बरोबर दोन पूर्ण आठवडे झाले. आठवडा कोणत्याही वारी सुरू करा, सलग सात दिवसांत रविवार एकच येतो, त्यामुळे दोन आठवड्यांचे कामाचे दिवस १२ झाले. त्यात २१ तारीख मिळवली की १३, आणि २० तारखेची सुट्टी काढली की पुन्हा १२. उत्तर जुळले. जुळले नाही, तर प्रत्येक तारीख कागदावर एकेक करून लिहावी. ७, ८, ९, मग ११ ते १६, मग १८, १९ आणि २१ अशी ती यादी होते, आणि घोळ कोठे झाला ते त्यात लगेच दिसते.

रजा दोन महिन्यांत विभागलेली असेल तर?

प्रत्येक महिन्याचा स्वतंत्र हिशेब करून बेरीज करावी आणि दोन्ही पानांचे फोटो मागवावेत. त्याच वर्कशॉपमधील दुसरे एक कामगार दिवाळीसाठी २८ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर २०२४ असे रजेवर होते, असे धरू. ऑक्टोबर ३१ दिवसांचा असल्याने त्या महिन्यातील दिवस ३१ मधून २८ वजा करून आणि १ मिळवून चार येतात. २८ ला सोमवार आणि ३१ ला गुरुवार, म्हणजे मध्ये रविवार नाही. ३१ ला नरक चतुर्दशी छापलेली असते, पण या वर्कशॉपने त्या दिवशी सुट्टी ठरवलेली नाही, म्हणून चारही दिवस रजेचे. नोव्हेंबरचे नऊ दिवस, त्यातून १ आणि २ या दोन सुट्ट्या आणि ३ चा रविवार वजा करून सहा. एकूण रजा दहा दिवस.

या उदाहरणात ३ तारखेकडे विशेष लक्ष द्यावे. त्या दिवशी रविवारही होता आणि भाऊबीजही होती. एखाद्या आस्थापनेने भाऊबीजेवरही गोल केलेला असला, तरी ती तारीख एकदाच वजा होते. रविवारांची संख्या आणि सुट्ट्यांची संख्या वेगवेगळी मोजून दोन्ही वजा करणाऱ्यांकडून अशा ठिकाणी एक दिवस कमी लागतो. आधी रविवार खोडावेत आणि मग जे दिवस उरले त्यांतील सुट्ट्याच मोजाव्यात, म्हणजे ही चूक होत नाही.

दिनदर्शिकेवर इतर खुणाही असतात. त्या कशा वेगळ्या करायच्या?

दुधाचा खाडा, गॅसची टाकी आल्याची तारीख, हप्त्याची आठवण असे सगळे एकाच पानावर असते. छापील खुणाही असतात, जसे पौर्णिमा-अमावास्येची गोल चित्रे, एकादशी, संकष्टी. यांपैकी कशाचाही रजेशी संबंध नाही. पौर्णिमेचे छापील वर्तुळ आणि पेनाचा गोल फोटोत एकसारखे भासू शकतात, तेव्हा वर्तुळ अंकाभोवती आहे की चौकटीच्या कोपऱ्यात, हे पाहावे. खूण कशाची आहे हे ती करणाऱ्यालाच विचारणे सर्वांत चांगले. पुढील वर्षापासून सुट्टीला गोल, पूर्ण खाड्याला फुली आणि अर्ध्या दिवसाला एक तिरकी रेघ असे ठरवून पानाच्या तळाशी लिहून ठेवावे.

प्रत्येक प्रकारच्या रजेत रविवार आणि सुट्ट्या वगळायच्या असतात का?

सर्वत्र नाही. उदाहरणार्थ, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या किरकोळ रजेत मध्ये येणारे रविवार आणि सुट्ट्या मोजल्या जात नाहीत, पण अर्जित रजेत मध्ये आलेल्या सुट्ट्या रजेतच धरल्या जातात. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ७९ मध्ये मात्र कामगारांच्या वार्षिक रजेतून सुट्ट्या वगळल्या होत्या, मग त्या रजेच्या मध्ये येवोत किंवा टोकाला. काही खासगी कंपन्या दोन रजांच्या मधला रविवारही रजेतच धरतात. मोजणीची रीत वरीलप्रमाणेच राहते, परंतु काय वजा करायचे ते आपल्या आस्थापनेच्या नियमावर ठरते. राज्य शासनाच्या कार्यालयांत २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा असल्याने तेथे शनिवारही वगळावे लागतात, त्यामुळे ही पद्धत तेथे जशीच्या तशी लावू नये.

हा हिशेब संगणकावर करता येईल का?

येईल. फोटोतून तारखा वाचण्याचे काम माणसालाच करावे लागते, पण पुढची वजाबाकी एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये एका सूत्राने होते. ठरलेल्या आणि नव्याने जाहीर झालेल्या सुट्ट्यांच्या तारखा D2 ते D4 या चौकटींत लिहाव्यात आणि पुढील सूत्र द्यावे.

```
=NETWORKDAYS.INTL(DATE(2024,11,7),DATE(2024,11,21),11,D2:D4)
```

यातील ११ हा आकडा फक्त रविवार हीच साप्ताहिक सुट्टी असल्याचे सांगतो. तो न देता साधे `NETWORKDAYS` वापरले तर शनिवारही वगळले जातात आणि ९ व १६ या तारखा गळून उत्तर १२ ऐवजी १० येते. रविवारी आलेली सुट्टी हे सूत्र दोनदा वजा करत नाही. तारीख थेट ०७/११ अशी टाइप केल्यास संगणकाच्या मांडणीनुसार ती ११ जुलै म्हणूनही वाचली जाते, म्हणून वर `DATE` वापरले आहे.

हजेरीपुस्तकात काय लिहावे?

एका ओळीत पुरेसे होते : "७/११/२०२४ ते २१/११/२०२४, एकूण १५ दिवस, वजा रविवार १० व १७, वजा मतदानाची सुट्टी २०, रजा १२ दिवस, रुजू २२/११/२०२४." खाली कामगाराची सही घ्यावी आणि ज्या फोटोवरून मोजणी केली तो महिन्याच्या नावाने जपून ठेवावा, कारण नव्या वर्षात जुनी दिनदर्शिका बहुधा रद्दीत जाते.